दारोदारचा भाव

सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्ल्यांत मोटरसायकलचा तो खोकल्यासारखा आवाज आला की बायका दुधाचं भांडं विसळायला घेतात. नत्थूजी आले. दोन्ही बाजूंना केन, हँडलला लटकवलेलं माप, आणि मधे पुढे झुकून बसलेले नत्थूजी, कानाला मफलर, उन्हाळ्यातही. साठी उलटून गेली. मिसरूड फुटलं तेव्हापासून रतीब घालतात. आधी सायकलवर, मग वडिलांच्या लुनावर, आता हिच्यावर. गावाबाहेर, लोधीखेड्याच्या रस्त्याला त्यांचा गोठा आहे. चार म्हशी, बायको अंबाबाई, मुलगा गौरव आणि सून तेजस्विनी. मुलगा बोरगावच्या कारखान्यात पाळीनं जातो आणि दुधाचा वास आला की नाक मुरडतो.

नत्थूजींना माणसांची भीती नाही, कुत्र्यांची नाही, पोळ्याच्या गर्दीतून म्हैस सोडवून आणायची नाही. भीती एकच, भाव वाढवण्याची. दोन-तीन वर्षांतून एकदा ती वेळ यायची आणि नत्थूजी महिनाभर आधीपासून गप्प व्हायचे. मग दारोदार सांगायला निघायचे. एका दारात तोंड उघडावं, तर आतून कोणी म्हणे, पोराला ताप आहे, दूध पातळ तर नाही ना आणलं? नत्थूजी मुकाट दूध मापायला लागायचे, भाव जुनाच राहायचा. दुसऱ्या दारात सांगितलं की माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, नत्थूजी दोन रुपये कमी करायचे आणि तिथून निघायचे. तिसऱ्या दारात मात्र नुसतं "बरं" म्हणायचे लोक. तिथं पुरता भाव लागायचा. असं करत करत वर्षं गेली. दूध एकाच गोठ्याचं, माप एकच, पण भाव ज्या त्या दाराचा. हे सगळं नत्थूजींच्या डोक्यात होतं, दुसरीकडे कुठंच नाही.

यंदा म्हशींना घालायच्या सरकीच्या ढेपीचा भाव फार चढला. चाऱ्याचं कुटारही सहजी मिळेना. अंबाबाई ढेपीचं पोतं उघडताना मूठ आखडून घ्यायला लागली आणि म्हशींनी दुधात ते लगेच दाखवलं. गौरवनं हिशेब मांडला. आहे त्या भावात एक म्हैस विकावी लागेल. त्या दिवशी नत्थूजींचा गुडघाही सुजला होता. पायाखाली उशी घेऊन ते खाटेवर पडले होते.

"चाळीस दारं आता माह्याच्यानं होत नाही," ते म्हणाले.

"दारं कशाले करता, मामाजी?" तेजस्विनी म्हणाली. ती बी.कॉम. झालेली, दोन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याहून या घरात आलेली. "निरोप टाकून देऊ. सगळ्यायचा एक ग्रुप बनवते. महिना संपाले आठवडा आहे, लोकायले कळायले वेळ भेटते."

तिनं पहिला मजकूर लिहिला तो इथल्या सरकारी कागदांसारखा हिंदीत. सर्व सन्माननीय ग्राहकांना सूचित करण्यात येते, असा काहीतरी. नत्थूजींनी ऐकून डोळे मिटले.

"हे तर बिजलीची लाइन कापायची नोटीस झाली व."

दुसरा मराठीत. त्यात नाइलाज होता, क्षमा होती, पुन्हा क्षमा होती.

"हे आवडते का?" तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं. "मले नाही आवडत. माफी कायची मागून राहिलो आपण? चोरी केली का?"

"मंग?"

"सरळ सांगू. आधीचा भाव, आताचा भाव, कधीपासून, कावून. बस. लोकायले लपवलेलं आवडत नाही. आता काय भाव आहे?"

नत्थूजींनी गुडघ्यावरचं फडकं सरकवलं. शेकायची मिठाची पोटली गार झाली होती. "चौसष्ट," ते म्हणाले. बहुतेक घरांना तोच होता. बहुतेक म्हणजे सगळ्यांना नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते सांगायला पुन्हा एक दार उघडावं लागलं असतं, आणि त्या संध्याकाळी त्यांच्यात तेवढं बळ नव्हतं.

तेजस्विनीनं लिहिलं: 'नमस्कार. येत्या एक तारखेपासून म्हशीच्या दुधाचा भाव चौसष्टऐवजी सत्तर रुपये लिटर राहील. सरकी ढेप आणि कुटार वर्षभरात फार महागलं आहे. दोन वर्षं आम्ही भाव वाढवला नव्हता. दुधात पाणी घालून जुना भाव ठेवण्यापेक्षा खरं ते सांगावं असं वाटलं. दूध तेच, माप तेच, वेळ तीच. काही अडचण असल्यास मोकळेपणी सांगा. नत्थूजी.'

"पाण्याचं काढ," नत्थूजी म्हणाले.

"कावून? चांगलं तर वाटून राहिलं."

"दुधाच्या निरोपात पाण्याचं नाव घेतलं का लोकायले पाणीच दिसते."

तिनं ते वाक्य काढलं आणि निरोप पाठवला.

अर्धा तास सगळं गोड होतं. अंगठे आले, हात जोडलेले आले. एका मास्तरांनी 'महागाई सगळ्यांनाच आहे, नत्थूजी, चालू द्या' असं लिहिलं. ते तेजस्विनीनं मोठ्यानं वाचलं, आणि अंबाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या हसली. मग नव्या भाडेकरू हिमानीताईंचा निरोप आला. 'चौसष्ट? आम्ही तर अडुसष्ट देतो.' त्याच्याखाली लगेच हार्डवेअरवाल्या कुलदीपशेठच्या बायकोचा, अमिताताईंचा. त्यांनी बहुधा भोळेपणानंच लिहिलं होतं. 'आम्हाला साठनं येतं.'

नंतर ग्रुपवर ते दोन आकडे एकाखाली एक पडून राहिले. एकेक माणूस येऊन, पाहून, न बोलता निघून जात होता.

तेजस्विनी फोन घेऊन खाटेपाशी आली.

"मामाजी, आपले भाव किती आहेत?"

"तीन."

"एका दुधाचे?"

नत्थूजींनी बोटांवर मोजलं. "जो भांडे त्याले साठ. जो कुरकुर करे त्याले चौसष्ट. जो बोलेच नाही..."

"त्याले अडुसष्ट," तेजस्विनी म्हणाली. "म्हणजे चांगल्या माणसायले दंड."

"असं मनात नव्हतं माह्या."

"मनात नव्हतं, पण झालं ना." ती चिडलेली नव्हती. त्यामुळेच नत्थूजींना जास्त लागलं. "मले सांगतलं असतं तं मी एकेकाले वेगळं पाठवलं असतं. नाही तं सहा रुपये वाढले, एवढंच लिहिलं असतं. झाकून गेलं असतं."

"अन् मंग?"

तिनं फोन खाटेच्या कडेला उपडा ठेवला.

सकाळी नत्थूजी लंगडत निघाले. हिमानीताईंच्या दारात भांडं नव्हतं. कडीला दुधाचं पाकीट लटकलेलं होतं, आजच्याच तारखेचं. नत्थूजींनी बेल दाबली नाही. केनचं झाकण पुन्हा दाबून लावलं आणि ते पुढे गेले.

पुढचं दार मालतीबाईंचं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहतात. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. अर्धा लिटर दूध, वर्षानुवर्षं. भाव सांगितला की नेहमी "बरं". त्यांचं भांडं बाहेर होतं आणि त्याच्याशेजारी त्या स्वतःच, खुर्ची टाकून.

"ग्रुप वाचला असन, सिस्टरबाई," नत्थूजी म्हणाले.

"वाचला."

नत्थूजींनी माप अर्धं भरून ओतलं. थोडं दूध पायरीवर सांडलं.

"मी कधी भांडले नाही, म्हणून मला जास्त?"

"तसं नाही जी."

"मग कसं?"

नत्थूजी मापाच्या तळाकडे पाहत म्हणाले, "तुमच्या दारात सांगाले सोपं जाये."

मालतीबाई हसल्या. त्या हसण्यात आनंद नव्हता, पण राग शोधूनही सापडला नसता. "वॉर्डात हेच पाहिलं मी आयुष्यभर. जो ओरडतो त्याच्या खाटेपाशी डॉक्टर आधी. गप्प पडून राहणारा शेवटी." त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. "सत्तर देईन मी. पण सगळे सत्तर देत असतील तरच. तिकडे शेठकडे साठ राहिले, तर एक तारखेपासून भांडं बाहेर दिसणार नाही. अर्ध्या लिटरसाठी बोलत नाही मी, नत्थूजी."

कुलदीपशेठचं घर गल्लीच्या टोकाला. दुकान खाली, घर वर, माणसं भरपूर. रोजचं पाच लिटर. नत्थूजींच्या सगळ्या रतिबात एवढं दूध दुसऱ्या कोणाचं नाही. शेठ शटरपाशी अगरबत्ती ओवाळत उभे होते.

"या, नेताजी! ग्रुप काढला म्हणे. आता निवडणूक लढता काय?"

"कायची निवडणूक, शेठ. गुडघा उभा राहू देत नाही."

"अन् ते सत्तर-बित्तर आपल्याले नाही हं. लोकायले दाखवाले ठीक आहे." शेठनं अगरबत्ती गल्ल्यावर खोचली आणि आवाज खाली आणला. "आपला भाव आपल्यापाशी. ग्रुपवर टाकू नको, इथं वाढवू नको. पाच लिटर आहे, नत्थूजी. विचार कर."

असं बोलणं नत्थूजींना नवं नव्हतं. आजवर याच जागी ते हो म्हणून मान हलवत आले होते. मान आताही हलायला निघाली होती. पाच लिटर सोडायचं म्हणजे ते दूध संकलन केंद्रावर टाकायचं. तिथं फॅट पाहून जे देतील ते घ्यायचं, साठच्याही खाली. आणि मग कदाचित ती एक म्हैस.

"नाही जमत, शेठ," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा सांगावं लागलं. "नाही जमत. सगळ्यायले सत्तर आहे."

"एवढे वर्ष दूध घेतलं अन् ग्रुपवरून सांगतोस?"

"म्हणून तं आता तोंडानं सांगून राहिलो."

शेठनं दुधाचं पातेलं पुढे सरकवलं. थट्टा कुठं गेली कळलं नाही. "मग आजचं दे," ते म्हणाले. "एक तारखेपासून पाहू. पुढं घेऊ असं मले वाटत नाही."

नत्थूजींनी पाच मापं ओतली. प्रत्येक वेळी माप काठापर्यंत भरलं.

घरी आल्यावर ते खाटेवर बसले नाहीत, गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. तेजस्विनी फोन घेऊन बाहेर आली.

"लिही," ते म्हणाले. "सगळ्यायले सत्तर. कोणाले कमी नाही."

"अन् अडुसष्टवाले?"

"त्यायचं काय?"

"या महिन्याचं चौसष्टनं धरू. नाही तं एवढ्या दिवसाचं वाईट वाटणं तसंच राहीन."

"अन् साठवाल्यायचं?"

"ते झालं ते झालं."

तिनं लिहिलं: 'आजवर काही घरांना भाव वेगवेगळा होता. यापुढे सर्वांना एकच, सत्तर. ज्यांच्याकडून अडुसष्ट घेतले गेले त्यांचा या महिन्याचा हिशेब चौसष्टनं होईल. ज्यांना रतीब बंद करायचा आहे त्यांनी सांगावं, आमचा राग नाही.'

"राग नाही, हे खरं आहे का?" तिनं विचारलं.

"राहू दे. होईन."

निरोप गेला. उत्तरं फार आली नाहीत. मास्तरांनी अंगठा पाठवला. हिमानीताई ग्रुपमधून बाहेर पडल्या. अमिताताईंनी वाचलं, काही लिहिलं नाही. दुपारून मालतीबाईंचा एकच शब्द आला, 'बरं', आणि नत्थूजींना ते वाचून दाखवताना तेजस्विनीला ते कसं वाचावं समजेना. तिनं नुसतंच वाचलं.

संध्याकाळी अंबाबाई धारेला बसली. एक तारखेपासून किती दूध उरेल, ते दही लावायचं की केंद्रावर टाकायचं, हे अजून ठरायचं होतं. नत्थूजींनी ढेपीचं पोतं उघडलं आणि मूठ न आखडता चारी म्हशींना पूर्वीएवढं टाकलं. म्हशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी कालच्याएवढंच दूध दिलं.