प्लस छापलेल्या प्रश्नाचे वीस मार्क

मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यानंतरच्या एका मे महिन्यात मी पहिल्यांदा परीक्षक झालो; पेपर काढणाराही मीच. इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंट्रोल सिस्टिम्स हा तेव्हा अगदी नवा असलेला विषय शिकवत होतो. सुट्टीला वालूरला आलो तो उत्तरपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे घेऊनच. गावात मी आधीच शिष्ट म्हणून ओळखला जायचो. आता तर चालही बदलली होती म्हणे.

थोरली बहीण माहेरपणाला आली होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. निजामाच्या राजवटीत ती सातवीपर्यंत उर्दूतून शिकली आणि लग्न झाल्यावर शाळा सुटली. गणितात ती माझ्यापेक्षा तेज होती, हे घरात मी सोडून सगळे मान्य करायचे. पेपर कुणाला दाखवायचे नसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मार्कांच्या बेरजा करायला मी तिला बसवलं, कारण बेरजांचा मला कंटाळा.

चौथा प्रश्न वीस मार्कांचा. आकृतीवरून सगळ्या यंत्रणेचं ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे बाहेर येणाऱ्या सिग्नलचं आत जाणाऱ्याशी असलेलं गुणोत्तर, काढायचं, त्याच्या छेदाची मुळं, म्हणजे पोल, शोधायचे आणि यंत्रणा स्थिर आहे का ते सांगायचं. पोल ऋण असले तर धक्का बसल्यावर यंत्रणा हळूहळू शांत होते. एक जरी धन निघाला तरी ती भडकत जाते. माझ्या उत्तरात छेद होता s² + 8s + 15, पोल −3 आणि −5. स्थिर.

पोरं (s + 3)(s + 5) पर्यंत झकास यायची आणि पोल लिहायची 3 आणि 5. वर पुन्हा ‘स्थिर’ म्हणून ठोकून द्यायची. मी चिडून लाल रेघा ओढत होतो. आक्काला त्यात मजा वाटायला लागली. बेरजा सोडून ती पाटीवर प्रत्येकाचं उत्तर त्याच्याच समीकरणात घालून बघू लागली.

“तीन घातले तर नऊ, चोवीस आन् पंधरा. अठ्ठेचाळीस झाले. सगळंच जमा हाय, तर शून्य कुठून येईल? मनफी पाहिजे,” ती म्हणाली. ऋणाला शाळेतला उर्दू ‘मनफी’ तिच्या तोंडातून कधी गेला नाही. मी आठवडाभर वर्गात घसा कोरडा करून जे सांगितलं, ते तिने एका वाक्यात सांगितलं याचा मला रागच आला.

तिसऱ्या दिवशी तिने एक पेपर माझ्यापुढे सरकवला. “ह्याला शून्य कशाला दिलंस? ह्याचं तर बसायलंय.”

त्या मुलाचा छेद होता s² + 8s − 1. पोल −8.123 आणि 0.123, म्हणून अस्थिर. “त्याने मूळ समीकरणच चुकवलंय. मागे येणारा सिग्नल वजा करायचा असतो, त्याने मिळवलाय. बेरीज कर तू,” मी म्हणालो.

बेरीज तिने केली होती. तो चार मार्कांनी नापास होत होता.

“प्रश्नात काय हाय पण?”

मी तोऱ्यात प्रश्नपत्रिका उघडली. आकृतीत सिग्नल एकत्र येतात त्या गोलापाशी, मागून येणाऱ्या बाणावर, स्पष्ट प्लस छापलेला होता. छापखान्याला शिव्या घालत मी ट्रंकेतली माझ्या हातची प्रत काढली. तिच्यातही प्लस. वर्गात नेहमी मायनसच असायचा, म्हणून बाकी सगळ्यांनी सवयीने मायनस धरला, मीही. एकट्या त्या मुलाने समोर होतं तेच वाचलं होतं.

माझा चेहरा उतरला. पहिल्याच वर्षी आपली चूक कळवायची म्हणजे पुढची परीक्षकी गेलीच. मी म्हणालो, “आक्का, एकाच पोराचा प्रश्न आहे. कुणाला कळणार नाही.”

“मला कळलंय की,” ती म्हणाली आणि पाटी पुसायला लागली.

मी शून्य खोडलं, वीस लिहिले, शेजारी सही केली. मग मुख्य परीक्षकांना पत्र लिहिलं आणि जवळच्या सेलूला जाऊन स्वतः टपालात टाकलं. परत येताना भीती वाटत होती, पण भूकही सपाटून लागली होती.

आठवड्याने उत्तर आलं. मायनस धरून बरोबर सोडवणाऱ्यांनाही मार्क द्यावेत, आणि एवढ्या बारकाईने पेपर तपासणारे परीक्षक विरळा, पुढील वर्षीही आपणच यावे. पेपर बहिणीला दाखवले हे कळवायची सोय नव्हती, म्हणून ती शाबासकी मी मुकाट्याने खिशात घातली. मला खरोखर लाज वाटली.

आक्काला पत्र वाचून दाखवलं. कौतुकाच्या ओळी मी भरभर उरकल्या. ती ऐकून खुदकन हसली.

“लय शहाणा झालास,” ती म्हणाली. “आता ते पोरगं पास झालं का, ते सांग.”

“झालं.”

“मंग दे पुढचा गठ्ठा.”