ज्ञानमणी सिस्टरांचा एक सेकंद

ज्ञानमणी सिस्टर मूळच्या तिरुनेलवेलीच्या. चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिल्या. नंदुरबारच्या दिलवरसिंगने त्यांना आपल्या स्टुडिओत बोलावलं, कारण तमिळ वाचणारं दुसरं कुणी त्याला सापडलं नव्हतं.

एका सूतगिरणीचा सुरक्षेचा व्हिडिओ होता. तिच्या तमिळनाडूतल्या शाखेसाठी हिंदीच्या जागी तमिळ आवाज द्यायचा होता. पडद्यावर कामगार मशीन बंद करतो, कुलूप लावतो, किल्ली खिशात ठेवतो आणि मगच आत हात घालतो. हात आत जाईपर्यंत सहा सेकंद.

सिस्टरांनी भाषांतराचा कागद वाचला.

"नऊ सेकंद होई ऱ्हायनात, तीन जास्त," दिलवरसिंग म्हणाला. "चित्र बदलता येत नही. भरभर वाचा."

त्यांनी भरभर वाचलं आणि ते सहात बसलं. रेकॉर्डिंग ऐकून त्या म्हणाल्या, "पेशंटला असं सांगितलं असतं, तर रात्रीची गोळी त्याने सकाळी घेतली असती."

त्यांनी पेन मागितलं. 'प्रिय कामगार बंधूंनो' खोडलं. कंपनीचं नाव खोडलं, ते पडद्यावर होतंच. उरलं एवढंच: मशीन बंद करा, कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. प्रत्येक वाक्य त्या त्या हालचालीबरोबर, सावकाश. पाच सेकंदांत संपलं.

दुसऱ्या दिवशी दिलवरसिंगला गिरणीच्या साहेबांचा फोन आला. हात घालण्याआधी एक सेकंद आवाजच नाही, तिथे काहीतरी भरा, असं त्यांचं म्हणणं. त्याने ते सिस्टरांना कळवलं.

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "तेवढ्यात कामगारांना किल्लीसाठी खिसा चाचपायचा आहे."