खालीचा हात आणि पाण्याचे पेले

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली राख. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत बाईंनी शिकवलं, पण चौथीनंतर ते तिथंच शाळेत राहिलं आणि मी घरी आले. कुणाच्या हाती हे लागलंच तर त्यानं माफ करावं. आमच्या भावजींच्या पहिल्या कार्यक्रमाची गोष्ट तेवढी मला लिहून ठेवायची आहे, कारण घरात ती सगळे चुकीची सांगतात.

आम्ही जळकोटचे. मामंजींचं कापडाचं दुकान. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, विशीच्या आतले, उदगीरला एका गुरुजींकडे तबला शिकायला जायचे. गुरुजी आडत दुकान चालवायचे. ज्वारीच्या पोत्यांमध्ये बैठक घालून शिकवायचे आणि मधेच गिऱ्हाईक आलं की ‘धिन्’ म्हणता म्हणता भाव सांगायचे. लातूर नवा जिल्हा झाला होता, त्या आनंदात तिथल्या एका शाळेच्या पटांगणात गावोगावच्या कलाकारांचा कार्यक्रम ठरला. गुरुजींनी भावजींचं नाव दिलं. दुष्काळाचं साल होतं, आनंद करायला दुसरं काही नव्हतंच.

मामंजी ऐकून म्हणाले, “वाजव. लोकांनी नीट ऐकलं तर शीक पुढं. हसले तर सोमवारपासून दुकानात बसायचं, कापड मोजायचा गज हातात घ्यायचा.”

तेव्हापासून भावजींचं जेवण सुटलं. मी भाकरी थापत असले की चुलीपाशी येऊन बसायचे आणि मला टाळी धरायला लावायचे. तीनताल सोळा मात्रांचा. पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, नववीला टाळी न देता नुसता हात उताणा करून बाजूला न्यायचा, तिला खाली म्हणतात. तेरावीला परत टाळी. आणि सगळं फिरून पहिल्या मात्रेवर येतं ती सम. माझे दोन्ही हात पिठाचे, त्यामुळे आमच्या घरच्या टाळीला पीठ उडायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, “ताल शिकून राहिलीस का भाकऱ्या करून राहिलीस?”

भावजींना एक खोड होती. चुकले की जीभ बाहेर यायची. चूक कुणाला कळली नसती, पण जीभ सगळ्या गावाला दिसायची.

कार्यक्रमाच्या दिवशी एसटीच्या टपावरून तबला लातूरला आला. उन्हानं चामडं इतकं ताणलं होतं की तबला चिमणीसारखा बोलायला लागला. पेटीशी सूर जुळेना. भावजी घाईघाईनं हातोडीनं ठोकत सुटले. गुरुजींनी हातोडी काढून घेतली आणि तबल्याच्या कडेची वेणी, तिला गजरा म्हणतात, ती खालून वर हळूहळू ठोकत सूर उतरवला. एक घर, म्हणजे गजऱ्याचा एक भाग, ठोकलं की समोरचं घर, मग कान लावायचा. भावजींच्या तळहाताला घाम सुटला होता. घामानं पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, ओली झाली की आवाज बसतो, म्हणून मी पिशवीतला माझा तोंडाला लावायचा पावडरचा डबा दिला. त्यांनी अर्धा डबा हातावर ओतला. पुढं सगळा कार्यक्रम त्यांना चमेलीचा वास येत होता.

“गुरुजी, चुकलो तर?”

“चुकणारच तू. त्यात काय विचारायचं?”

“मग?”

“मग थांबायचं न्हाई. कायद्याचे बोल सोडायचे, साधा ठेका धरायचा. पेटीवर लेहरा, तीच ती धून, चालूच असतो, तो काय तुझ्यासाठी पळत न्हाई. त्याला कान दे. खाली कुठं येते ते ऐक, तिथं तुझा डाव्या हातचा डग्गा गप बसला पाहिजे. खाली सापडली की सम आपोआप सापडते. आणि जीभ आत ठेव, लेकरा.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. वळखीचं तोंड दिसलं म्हणजे धीर राहतो.”

मी लग्नातसुद्धा खांबामागं बसते. पण भावजींचं तोंड बघून पुढं जाऊन बसले, पदर नाकापर्यंत घेऊन.

सुरुवात छान झाली. ठेका, मग पेशकार, मग कायदा. पेटीवाले मास्तर शांतपणे एकच लेहरा फिरवत होते. तेवढ्यात आमच्या गावची भजनी मंडळी ट्रकमधून पोचली. भावजींना हुरूप यावा म्हणून त्यांनी बसल्या बसल्या टाळ्या धरल्या. भजनात कसं, रंग चढला की लय वाढते आणि माणसं उठून उभी राहतात. इथंही लय वाढली, मंडळी उभी राहिली. प्रत्येक मात्रेला टाळी, खालीची मात्रा कुणी मोकळी सोडेचना. भावजी टाळ्यांमागं पळाले, पेटी जागेवर राहिली. तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर पडायचं, तर ते समेच्या दोन मात्रा आधीच येऊन पडले. जीभ बाहेर.

मागं कुणीतरी हसलं. मागच्या रांगेत बसलेल्या मामंजींनी तिकडं वळून बघितलेलं मला पाठीतून कळलं.

भावजींनी साधा ठेका धरला खरा, पण त्या गोंगाटात त्यांना पेटी ऐकू येईना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी पेटीच्या अगदी समोर, मला लेहरा ऐकू येत होता. काय सुचलं कोण जाणे, नववी मात्रा आली तसा मी पदराखालून हात काढला आणि उताणा करून बाजूला नेला.

दुष्काळात पेटीसमोर बसलेल्या बाईनं रिकामा हात पुढं केला की त्याचा अर्थ एकच. पाणी वाटणारा कार्यकर्ता धावत आला आणि हातावर पेला ठेवला.

मी प्यायले. त्या वर्षी पाणी परत करणं म्हणजे पाप. पुढची खाली आली, हात केला, दुसरा पेला. शेजारीण कुजबुजली, “लई तहान लागलीय गं हिला.” तिसऱ्या खालीला कार्यकर्ता उभाच राहिला माझ्याजवळ कळशी घेऊन. भावजींना मात्र माझा हात दिसत होता. त्यांचा डग्गा पहिल्यांदा चुकीच्या जागी गप्प झाला, मग एक मात्रा सरकला, मग बरोबर माझ्या हातावर गप्प झाला. ता तिन् तिन् ता. मास्तरांनी पेटीवरून मान हलवली. गुरुजींनी भजनी मंडळींना दोन्ही हातांनी “बसा रे बाबांनो, बसा” केलं आणि ती बसली.

मग भावजींनी कायदा परत धरला, जलद बोलांचा रेला वाजवला, शेवटची तिहाई घेतली. तिसरा धा समेवर पडला तो असा, की कार्यकर्त्याच्या हातची कळशी हिंदकळली आणि माझी साडी भिजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं, मी उठून सरळ पाठीमागं पळाले. घरात अजून सगळे एवढंच सांगतात, की मला तहान लागली होती.

परत येताना ट्रकमध्ये मामंजींनी भावजींना जवळ बोलावलं. मग म्हणाले, “हसला तो एकच होता. धरायचं न्हाई ते. शीक.” भावजी पाया पडायला वाकले तसे पुढं म्हणाले, “पण तबला-डग्गा दुकानाच्या पैशातून आलाय. तो स्वतःच्या कमाईतून फेडायचा.”

भावजींनी शिरूर अनंतपाळला आणि मुखेडला मुलांच्या शिकवण्या धरल्या. दर बाजाराच्या दिवशी थोडे थोडे पैसे आणून मामंजींच्या गादीवर ठेवायचे. कधी चिल्लरच असायची. शेवटचे पैसे ठेवले तेव्हा मामंजींनी ते मोजले, परत मोजले, गल्ल्यात टाकले आणि म्हणाले, “फिटले सगळे. आता तबला तुझा. तेव्हा आता तो माझ्या दुपारच्या झोपेला वाजवायचा न्हाई.”