मुलीचा हुक

वराळ्यात भाड्यानं राहायला गेलो तेव्हा घरमालकीण मावशींनी बजावलं, "बाथरूमच्या टाइलला भोक पाडायचं न्हाई." मला राग आला, पण मी वाद घातला नाही. पडद्यासाठी दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा लावला. क्षारांनी बुजलेला जुना शॉवर काढून कागदात गुंडाळला, माळ्यावर ठेवला आणि स्वतःचा बसवला. टॉवेलसाठी चिकटणारे हुक आणले. ओल्या टाइलवर लावलेला पहिला हुक पडला, म्हणून पुढचे टाइल पुसून, पुरती कोरडी करून लावले. एक हुक माझ्या लहान मुलीचा हात पोचेल असा खाली लावला.

सहा वर्षांनी घर सोडताना सगळं उतरवलं. हुकांमागचा गोंद हेअर ड्रायरनं गरम करून दोऱ्यानं सोडवला, जुना शॉवर आट्यांना टेप गुंडाळून परत चढवला. मावशींनी चष्मा लावून कोपरा न् कोपरा पाहिला.

"कुणी राहून गेलंय असं वाटतबी न्हाई," त्या कौतुकानं म्हणाल्या.

त्या भिंतीवर मुलीचा हुक तिच्या उंचीबरोबर तीनदा वर सरकला होता. त्या सगळ्या खुणा मीच पुसल्या होत्या.