नऊ पानांची एक ओळ

शाळेत आग लागली तर मुलांना बाहेर कसं काढायचं, यावर शिक्षकांची कार्यशाळा होती. संयोजिकाबाईंना सगळे ‘कात्री’ म्हणत, कारण लांबलचक वेळापत्रक आणि वक्त्यांची टिपणं कापून त्या शिक्षकांना आधीच एक खिशात मावेल एवढं कार्ड पाठवत.

सराव घेणाऱ्या निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यांनी ते कार्ड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रस्तावना, उद्दिष्टं, त्यांची पदकं, सगळ्याला फाटा! उरलं होतं एवढंच: ‘दुपारी दोन, खोली चार. सुटकेचा सराव. शाळेचा नकाशा आणा.’

“बाई, माझं नऊ पानांचं टिपण होतं!”

“ते तुम्ही बोलण्यासाठी, काका. शिक्षकांनी काय करायचं तेवढंच कार्डावर. नकाशाचं तुम्ही शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलं होतंत.”

काकांनी शेवटचं पान उलटून पाहिलं. गेल्या वर्षी, या बाई नसताना, शिक्षकांना सगळी नऊ पानं गेली होती; एकानेही नकाशा आणला नव्हता आणि त्यांचा सराव नुसत्या भाषणावरच आटोपला होता.

यंदाही ते धाकधुकीनेच खोलीत शिरले. प्रत्येक बाकावर नकाशा पसरलेला होता. काकांनी भाषणाचे कागद पिशवीत टाकले.

“ज्या दाराला तुम्ही कुलूप लावता, त्यावर बोट ठेवा,” ते म्हणाले आणि दारातल्या बाईंकडे बघून हसले. “कात्रीला धार आहे हो!”