मेंढीचं रक्त आणि नऊ घसे

प्लेट हातात घेतली की आधी ती ट्यूबलाइटसमोर धरायची, मागून उजेड येईल अशी. ही सवय मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लागली आणि तेवीस वर्षं झाली तरी सुटलेली नाही. आमची लॅब भोपाळमधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर आहे, इंद्रपुरीपासून चालत जाण्याइतकी जवळ. वडील नागपूरहून सरकारी कार्यालयाबरोबर इथे आले. मी इथेच शिकले, इथेच लागले. जंतू ओळखणं हे माझं काम, आणि ते मला येतं, हे सांगताना मी कधी संकोच केला नाही.

घशातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना रक्त मिसळलेल्या आगरावर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरावर ओढायचा, रात्रभर उबेत ठेवायचा आणि सकाळी पाहायचं. स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यांच्यापेक्षा बघायचं असतं ते त्यांच्याभोवतीच्या लाल रंगाचं काय झालंय ते. वसाहतीभोवती हिरवट, धुरकट कडा आली असेल तर ती अल्फा. लाल पेशी पूर्ण फुटून स्वच्छ, आरपार दिसेल असं कडं पडलं तर बीटा. रक्त होतं तसंच राहिलं तर गॅमा. हिरवट अल्फावाले बहुतेक प्रत्येकाच्या घशात सुखाने राहतात, त्यांच्याकडे आम्ही लक्ष देत नाही. घसा धरलेल्या मुलाच्या प्लेटवर मात्र बीटा शोधायचं, कारण त्यातला ग्रुप ए हा जंतू घशावर थांबत नाही. वेळेत औषध मिळालं नाही तर काही मुलांना संधिज्वर होतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात.

त्या थंडीत बरखेड्याच्या एका शाळेतली मुलं एकामागून एक ताप घेऊन येऊ लागली. आमच्याकडच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी शुक्रवारी नऊ मुलांचे घसे पाठवले. सगळ्यांना आदल्या दिवसापासून त्रास होता. शनिवारी सकाळी मी नऊही प्लेटा उजेडात धरल्या. हिरवटच हिरवट. काही ठिकाणी रक्त जसंच्या तसं. स्वच्छ कडं कुठेच नाही. मी नऊ रिपोर्ट लिहिले: घशातले नेहमीचे जंतू, बीटा हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकस आढळला नाही. खाली सही केली. रिपोर्ट गेले आणि नियमाप्रमाणे प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने जंतू मारायला गेल्या.

सोमवारी मॅडम स्वतः खाली आल्या. त्या सहसा फोन करतात.

"दीदी, तुमच्या रिपोर्टवर मी अँटिबायोटिक दिलं नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "पण घसे मला वेगळंच सांगतायत. टॉन्सिलवर पांढरं, मानेत गाठी, खोकला नाही. नऊपैकी एकही नाही? मला पटत नाही."

मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्यांच्या शब्दांपेक्षा माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली.

दोन आठवड्यांपूर्वी आमचं मेंढीचं रक्त येणं बंद झालं होतं. मंडीदीपच्या अलीकडे एका धनगराच्या मेंढ्या होत्या, तिथून पशुवैद्य रक्त काढून द्यायचे. कळपात लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि पशुवैद्यांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तेव्हा आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, रक्तपेढीत मुदत संपलेल्या पिशव्या आहेत, काही दिवस त्या वापरू. मला आवडलं नव्हतं, पण मी हो म्हटलं होतं. आणि त्या नव्या प्लेटांवर ओळखीचा बीटा जंतू लावून पाहायला हवा होता. दर नव्या खेपेला आम्ही पाहतोच. त्या आठवड्यात काम फार होतं, आणि मला वाटलं, माझे डोळे आहेत ना.

ही चूक माझी होती. सरांची निम्मी असेल, पण सही माझी होती.

"मॅडम, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "प्लेटच खोटं बोलत असेल."

फ्रीजमध्ये आमच्याकडे ओळखीचा ग्रुप ए जंतू जपून ठेवलेला असतो, त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. तो मी त्याच खेपेच्या प्लेटवर ओढला, तारेने आगरात दोन-तीन ठिकाणी छेदही दिला, कारण हवा न लागणाऱ्या जागी त्याचं एक विष जास्त चांगलं काम करतं. मंगळवारी सकाळी झाकण उघडलं. ज्याच्याभोवती खिडकीसारखं स्वच्छ कडं पडायला हवं, तिथे हिरवट धुकं होतं. तो अल्फासारखा दिसत होता. शनिवारी मी नऊ वेळा पाहिलं होतं, अगदी तसंच.

सरांसमोर प्लेट ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"कंट्रोलच मेला असेल," ते म्हणाले. "जुना झालाय."

"सर, मेला असता तर वाढला नसता. तो वाढलाय."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"पिशवीतल्या रक्तात पेशी टिकाव्यात म्हणून ग्लुकोज असतं. जंतू ते खातात, आम्ल करतात, आणि मग बीटासुद्धा हिरवट दिसतो. शिवाय माणसाच्या रक्तात या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. त्या प्लेटवर मला स्वच्छ कडं दिसणारच नव्हतं. मला मेंढीचं रक्त पाहिजे. आजच."

"और नौ रिपोर्ट?"

"ते परत घ्यावे लागतील."

सरांनी प्लेट पुन्हा उचलून उजेडात धरली. सात वर्षांत त्यांनी एकही रिपोर्ट परत घेतला नव्हता. शेवटी म्हणाले, "पहले प्लेट बना लो."

पशुवैद्यांना फोन लावला तेव्हा कळलं की त्यांच्याच संस्थेच्या गोठ्यात तीन निरोगी मेंढ्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. मी रिक्षाने गेले. बरोबर निर्जंतुक फ्लास्क, त्यात काचेचे मणी. त्यांनी मेंढीच्या मानेच्या शिरेतून रक्त काढून फ्लास्कमध्ये सोडलं आणि मी तो गोल गोल फिरवत राहिले. दहा मिनिटं तरी. थांबलं की रक्त गोठतं. फिरवत राहिलं की गोठणारे धागे मण्यांना गुंडाळले जातात आणि उरतं ते पातळ, लाल रक्त. ते धागे काढले की त्यात वरून घातलेलं ना ग्लुकोज, ना दुसरं काही. मेंढी अजिबात घाबरली नाही. चारा खात राहिली. माझे खांदे मात्र भरून आले.

संध्याकाळी आगर वितळवून थोडं थंड होऊ दिलं, हाताला सोसेल इतकं. जास्त गरम असेल तर रक्त करपून चॉकलेटी होतं. शंभर मिलिलिटरला पाच मिलिलिटर रक्त. वीस प्लेटा ओतल्या. पहिल्यावर तोच कंट्रोल लावला, तोच, सरांच्या मते मेलेला.

बुधवारी सकाळी मी सरांच्या आधी पोचले. प्लेट उजेडात धरली आणि वसाहतींमागची ट्यूबलाइट स्पष्ट दिसली. प्रत्येक ठिपक्याभोवती गोल, आरपार. मी कालची हिरवट आणि आजची, दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी सरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि लेटरहेड काढलं. "लिहा," म्हणाले, "सही मी करतो. तुमचीही असू द्या."

मग फोन. आठ जण लगेच यायला तयार झाले. नववी आई नागपूरकडची, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहणारी. ती फोनवर मराठीतच कडाडली.

"अहो, आधी म्हणता काही नाही, आता म्हणता परत या. पोरगी काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का?"

"नाही ताई. आमच्या प्लेटमध्ये दोष होता, चूक आमची. तुमच्या मुलीला जर तो जंतू असेल तर तो दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत मारावा लागतो, आणि आज सातवा आहे. म्हणून तुम्हाला त्रास देतेय."



"चूक तुमची, असं तुम्ही म्हणताय?"

"हो. माझीच."

"बरं. येते," ती म्हणाली, आणि दुपारी मुलीला घेऊन आली. मुलीने तोंड उघडलं नाही, तेव्हा आईनेच तिला दटावलं, "आ कर, मावशी मन लावून करतायत."

गुरुवारी सकाळी नऊ प्लेटा. मॅडम माझ्या खांद्यावरून पाहत उभ्या होत्या. हिरवट वसाहती सगळीकडे होत्याच, त्या असायच्याच. त्यांच्यामध्ये चार प्लेटांवर स्वच्छ कडी. बारीक नव्हती, चांगली रुंद.

"चार," मी म्हटलं. "बीटा."

"औषध आज सुरू करू?"

"करा. तुमच्या घशांनी आधीच सांगितलं होतं."

त्या हसल्या. त्या दिवसापुरतं आमच्यातलं सगळं मिटलं.

त्या चार प्लेटांवरची एकेक वसाहत मी नव्या प्लेटवर ओढली आणि वर बॅसिट्रॅसिन या ग्रुप एला रोखणाऱ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवल्या. शुक्रवारी तीन चकत्यांभोवती वाढ थांबलेली, म्हणजे बहुतेक ग्रुप ए. चौथी चकती जंतूंनी बिनधास्त वेढली होती. तो दुसऱ्या गटाचा बीटा होता, घसा दुखवणाराच, पण संधिज्वराच्या बाबतीत इतका घाबरवणारा नाही. नुसतं कडं पाहून हे कळत नाही. कडं इतकंच सांगतं की पुढे कुठल्या दिशेने जायचं. तेवढं सांगण्यासाठी मात्र प्लेट खरी पाहिजे.

नागपूरच्या ताईंच्या मुलीची प्लेट अल्फा आणि गॅमाशिवाय कोरी होती. तिला साधा विषाणूचा घसा होता. मी फोन केला तेव्हा मला वाटलं आता शिव्या बसणार. ताई म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच आले?"

"उगाच नाही. आता नक्की कळलं ना."

"हो, ते खरं," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "चार जणांना निघालं म्हणे. माझ्या शेजारणीचा मुलगा त्या चारांत आहे का हो?"

ते मी सांगितलं नाही. सांगायचं नसतं.

तो होता. त्याचे वडील मंडीदीपच्या कारखान्यात पाळीवर जायचे. पेनिसिलिनच्या दहा दिवसांतल्या शेवटच्या दिवशी ते मुलाला घेऊन परत आले, मॅडमना दाखवायला, आणि जाताना लॅबच्या दारात थांबले. मुलाने विचारलं, माझे जंतू कसे दिसतात. मी त्याला आत बोलावलं आणि सीलबंद कंट्रोलची प्लेट उजेडासमोर धरली. त्याने एक डोळा मिटून त्या स्वच्छ गोलातून पलीकडे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. "पापा दिख रहे हैं," तो म्हणाला.

त्यानंतर मी एकही खेप कंट्रोल लावल्याशिवाय उघडलेली नाही. मेंढीचं रक्त नसेल त्या आठवड्यात घशाचे नमुने आम्ही दुसऱ्या लॅबला पाठवतो. सरांना सुरुवातीला तो कमीपणा वाटला. आता फॉर्म तेच भरतात.