चौथ्या मजल्यावरचं वासरू

आमच्याकडे रायापूरला चार गाई आहेत. दूध घरोघरी जातं, आणि वास्तुशांत असली की गाय-वासरूही जातं. हुबळी-धारवाडच्या मध्ये आता नुसत्या इमारतीच उभ्या राहतात, त्यामुळे गाय खाली पार्किंगमध्ये थांबते, तिची पूजा तिथेच होते, आणि वासरू तेवढं लिफ्टने वर जातं. घरभर त्याचे पाय लागले की झालं. माझे यजमान टेम्पो चालवतात, मी वासराबरोबर वर जाते. मी मूळची अळणावरकडची. लहानपणी कुणी सांगितलं असतं की मोठेपणी तू वासराला घेऊन लिफ्टची बटणं दाबशील, तर मी हसले असते.

त्या दिवशी अमरगोळच्या पुढच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर बोलावणं होतं. वासरू दोन महिन्यांची कालवड. सकाळी तिने थोडं दूध शिल्लक ठेवलं होतं आणि एकदोनदा खोकली होती. यजमान म्हणाले, "धुरळा असेल." मलाही तसंच वाटलं.

वर गेलो तर हॉलमध्ये होम पेटलेला, धूर छतापर्यंत, चाळीसेक माणसं आणि एक व्हिडिओवाला. घरमालकांना सगळे अण्णा म्हणत होते. त्यांच्या आई, म्हणजे आज्जी, दाराशीच पाटावर बसल्या होत्या. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. कन्नडमध्ये वासराला 'करू' म्हणतात. आज्जींनी मला बघून विचारलं, "करू?" म्हणजे वासरू आलं का. भटजी मराठी. त्यांना वाटलं आरती करू का असं विचारतायत. ते म्हणाले, "करा, करा," आणि दोन बायकांनी धूपाच्या आरत्या उजळून वासराच्या तोंडासमोर धरल्या.

कालवडीने मान पुढे लांब केली. तेव्हा मी नीट बघितलं. कान खाली पडलेले. नाकाला पांढरट शेंबूड. आणि कूस धपाधप हलत होती.

"भटजीकाका, जरा थांबा," मी म्हणाले. "हिला बरं दिसत नाही."

"मुहूर्त चाललाय, अक्का. पाच मिनिटांत पाच खोल्या."

मी तिला ओढत धुराबाहेर नेलं, मागच्या बेडरूममध्ये. खिडक्या उघड्या होत्या, वारा येत होता. गुरांच्या डॉक्टरांनी मला शिकवलं होतं, हात लावायच्या आधी श्वास मोज. धरपकड केली की कुठलंही जनावर जोरात श्वास घेतं, उन्हातून टेम्पोने आलेलं तर घेतंच. म्हणून मी तिला बसू दिलं आणि भिंतीला टेकून थांबले. मागोमाग सगळे पाहुणेही आत आले आणि भिंतीला टेकून थांबले. का थांबलोय ते कुणालाच माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने घड्याळ लावून मी कुशीची हालचाल मोजली. अर्ध्या मिनिटात पस्तीस. म्हणजे मिनिटाला सत्तर. या वयाच्या वासराचे, सावलीत निवांत बसलेलं असताना, तीस किंवा फार तर चाळीस असायला हवेत.

अण्णांची बहीण लहान मुलांची डॉक्टर होती. रेशमी साडी सावरत ती माझ्याशेजारी खाली बसली. "मीपण मोजू?" तिने मोजले. अडुसष्ट. "आमच्याकडेही अस्संच मोजतो," ती म्हणाली. "पोट असं आत ओढलं जात असलं की आम्ही बाळाला घरी पाठवत नाही. ताप बघितलात?"

थर्मामीटर माझ्या पिशवीत असतो, मागच्या टोकाला दोरा आणि चिमटा. चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा म्हणजे थर्मामीटर आत हरवत नाही. टोक शेणात न खुपसता आतल्या बाजूला टेकवून धरायचं, नाहीतर ताप खरा येत नाही. मी शेपटी उचलली तसा व्हिडिओवाला गुडघ्यावर बसला आणि लाइट लावला. कुणीतरी अक्षताही टाकल्या.

एकशे पाच.

एकशे तीनपर्यंत मी एवढी घाबरले नसते. उन्हाने तेवढा चढतो कधी कधी. पण सावलीत एवढा वेळ बसूनही एकशे पाच, वर सत्तर श्वास, वर पडलेले कान. मी डॉक्टरांना फोन लावला.

"दूध पिते का?"

"सकाळी टाकलं. आता बघते." खाली यजमानांनी गाईची धार काढली, बाटली लिफ्टने वर आली. कालवडीने बोंडलं तोंडात घेतलं, दोनदा चोखलं आणि सोडून दिलं. श्वास घ्यावा की प्यावं, दोन्ही जमत नव्हतं.

"मग आजचं काम उद्यावर नको," डॉक्टर म्हणाले. "न्यूमोनिया आहे. उन्हात टेम्पोत घालून आणू नको. मी बाजार आवाराजवळच आहे, येतो. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर लगेच फोन कर. आणि काहीही पाजू नका."

हे शेवटचं बरं झालं सांगितलं. कारण तेवढ्यात आज्जींनी ओव्याचा काढा करून आणला होता आणि दोन पाहुणे तिचं तोंड उघडायला सरसावले होते. "असा दम लागलेला असताना ओतलं तर ते फुफ्फुसात जाईल," मी म्हणाले. काढा वाया जाऊ नये म्हणून शेवटी तो भटजींना दिला.

भटजींची अडचण खरी होती. मुहूर्त सरत आला होता आणि वासरू एकाच खोलीत बसलं होतं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, "वासरू घरात फिरणार नसेल, तर घरच्यांनी वासराभोवती फिरावं. फळ तेच."

म्हणून सगळं घर बेडरूममध्ये गोल फिरायला लागलं. अण्णा पुढे, हातात कलश, मागे त्यांची बायको, म्हणजे वहिनी, मग पाहुणे, सगळ्यांत मागे पडद्यांची मापं घ्यायला आलेला माणूस. त्याला कुणीच जा म्हटलं नव्हतं. त्याच वेळी गुरांचे डॉक्टर आले. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात पेटी. दारात एका मुलीने त्यांना गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीने अत्तर लावलं, आणि रांग सरकतच होती म्हणून तेही रांगेत लागले. एक फेरी त्यांनी पूर्ण केली. मग माझ्याजवळ आले तेव्हा हळूच विचारलं, "पेशंट मधलं ना?"

मग रांग सोडून ते मध्ये वासराजवळ बसले. त्यांनी छातीला नळी लावली, दोन्ही बाजूंनी, पुढच्या खालच्या भागात जास्त वेळ. "खालच्या बाजूला आवाज खराब आहे. लवकर बघितलंस." मग म्हणाले, "वजन किती असेल? औषध वजनावर द्यायचं असतं. टेप आहे का कुणाकडे?"

पडदेवाल्याचा चेहरा उजळला. त्याने फिरता फिरता टेप दिली. डॉक्टरांनी छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज काढला आणि एक इंजेक्शन जंतूंसाठी, एक ताप आणि सूज उतरायला, अशी दोन दिली. बाहेर मंत्र, भोवती चाळीस माणसं गोल फिरतायत, आणि मधे सुई. कालवड हललीसुद्धा नाही. मला त्याचीच भीती वाटली. धडधाकट वासराने लाथ मारली असती.

आज्जी म्हणाल्या, "नव्या घरात पहिल्याच दिवशी सुई. हे शुभ की अशुभ?"

भटजी काही बोलायच्या आत अण्णांची बहीण म्हणाली, "आई, मी याच घरात राहायला येणार आहे, सुया घेऊनच." प्रश्न मिटला.

डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी वेगळी जागा आहे का? बाकीच्या वासरांत आज सोडू नको. आणि तुमच्या गोठ्याला चहूबाजूंनी ताडपत्री. मुताच्या वासाने माणसाचे डोळे झोंबतात तिथे." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "हवा इथलीच बरी आहे."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. पण आज्जींनी ऐकलं. "म्हणजे राहू दे. लेक घरात आली आणि आजारी पडली. तिला तशीच परत पाठवायची? लोक काय म्हणतील?"

अण्णा नवी गादी आणायला गेले. अशा रीतीने आमची कालवड तीन दिवस त्या बेडरूममध्ये राहिली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून खाली नवी गादी, वर गोणपाट. गाय यजमानांनी परत नेली. मी सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन यायचे आणि पहारेकरी वहीत माझ्या नावापुढे 'आई' असं लिहायचा, कारण मी त्याला आजारी लेकराकडे जाते असं सांगितलं होतं.

पहिलं शेण पडलं तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. शुभ म्हणून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वहिनी नाकाला पदर लावून मला विचारत होत्या, "रोज एवढं?" मी म्हणाले, "हे कमी आहे. खात नाहीये ती."

त्याच दुपारी ताप एकशे तीन पॉइंट चार आला आणि श्वास अठ्ठेचाळीस. संध्याकाळी तिने बाटली अर्धी संपवली. आज्जींना एवढा आनंद झाला की त्या म्हणाल्या, आता सुया पुरे, अंगारा लावू. मी डॉक्टरांना फोन करून तो आज्जींच्या कानाला लावला.

"ताप उतरला म्हणजे छाती साफ झाली असं नाही, आज्जी," ते सांगत होते. "अर्ध्यात सोडलं की उलटतं. ठरलेले दिवस पूर्ण करायचे."

"अंगारा आणि सुई, दोन्ही?"

"दोन्ही चालेल. सुई मात्र चुकवू नका."

त्यानंतर अण्णांची बहीण आणि मी आळीपाळीने मोजायचो. तिने एकदा मला सांगितलं, तिच्या दवाखान्यात बाळांच्या आया मोबाईल बघत श्वास मोजतात आणि चुकतात. मी म्हणाले, माझे यजमानही चुकतात, ते शेपटी हलली तरी मोजतात. आम्ही दोघी खूप हसलो. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र नियमावली घेऊन आले. पाळीव प्राणी चालतात, पण गुरांचा उल्लेखच नव्हता, ना हो ना नाही. ते बराच वेळ पानं उलटत उभे राहिले. मग त्यांनीही चष्मा लावून कूस बघितली आणि आज कालच्यापेक्षा बरी वाटते असं मत दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ताप एकशे दोन. श्वास चौतीस. बाटली संपवून तिने माझ्या ओच्याला ढुशी मारली. उरलेली इंजेक्शनं घरी द्यायची ठरली. आज्जींनी तिची ओटी भरली, म्हणजे खण माझ्या हातात दिला. खाली यजमानांनी टेम्पोत तिला आडोसा केला, कोरडं गवत घातलं.

घरी येऊन यजमानांनी न सांगता गोठ्याच्या दोन बाजूंची ताडपत्री सोडली आणि खालची ओल खरवडून काढली. हिला मागच्या पडवीत वेगळी बांधली. मी थर्मामीटर धुऊन बाकीच्या दोन वासरांजवळ बसले. थोरला गोऱ्हा ठीक होता. धाकटी दूध पीत होती, कान टवकारलेले, शेपटी हलत होती, कुणी बघून म्हणालं नसतं की काही आहे. ताप एकशे चार. दोन तासांनी, सावलीत, पुन्हा एकशे चार.

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "कुठे यायचं? कितव्या मजल्यावर?"

"गोठ्यात," मी म्हणाले. "या वेळी लवकर कळलंय."